बुटातील फोम: ईव्हीए की पीयू? मऊपणा, वजन आणि ‘बसण्याचा’ वेग

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतं, दहा-पंधरा पावलांनंतर बरं वाटतं आणि दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. तुर्भ्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला ही तक्रार वारंवार ऐकायला मिळते. बाजार समितीतील हमाल, गाळ्यावर उभे राहणारे विक्रेते आणि एमआयडीसीतील कामगार यांचा दिवस काँक्रीटवर जातो. बहुतेकांना विचारलं की ते सांगतात, “डॉक्टर, बूट तर अजून चांगला आहे. तळ घासलेला नाही.”

गोंधळ इथेच होतो. बुटाचा तळ घासला आहे की नाही, हे खालून दिसतं. पण टाचेला आधार देणारा फोम वरच्या सुकतळ्याच्या आणि खालच्या रबराच्या मध्ये असतो. तो आतून कधी बसला, हे बाहेरून सहसा कळत नाही. बूट कोणत्या फोमचा आहे यावर तो किती मऊ वाटेल, किती जड असेल आणि किती दिवसांत निकामी होईल हे बरंचसं ठरतं. म्हणून या लेखात प्रामुख्याने दोन फोमची तुलना केली आहे: ईव्हीए आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. नवी मुंबईत मिळणाऱ्या बहुतेक बुटांत यांपैकीच एक असतो.

मिडसोल म्हणजे नेमकं काय?

बुटाच्या तळाचे तीन थर असतात. पाय ज्यावर टेकतो तो काढता येणारा पातळ थर म्हणजे सुकतळा. जमिनीला लागणारा नक्षीदार थर म्हणजे आउटसोल. या दोघांमधला जाड थर म्हणजे मिडसोल, आणि पावलाचा दणका शोषण्याचं मुख्य काम तोच करतो.

मिडसोलचा फोम म्हणजे असंख्य बारीक बंद कप्पे असलेलं प्लास्टिक. कप्प्यांत हवा असते. टाच टेकली की कप्प्यांच्या भिंती वाकतात, हवा दाबली जाते आणि दणका थोड्या जास्त वेळात आणि टाचेच्या जास्त भागावर विभागला जातो. पाय उचलला की भिंती पुन्हा सरळ होतात. हेच हजारो वेळा झालं की भिंतींना कायमच्या सुरकुत्या पडतात, काही भिंती फाटतात आणि थोडी हवा निघून जाते. मग फोम पूर्वीच्या उंचीला परत येत नाही. गादी ‘बसते’ म्हणतो, तसंच हे आहे. फरक एवढाच की कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते, बसलेला फोम पुन्हा फुलवता येत नाही.

जुन्या हवाई चपलेवर टाचेचा आणि अंगठ्याचा खळगा पडलेला तुम्ही पाहिला असेल. बुटाच्या आतही तसाच खळगा पडतो, पण सुकतळ्याखाली तो झाकलेला राहतो.

ईव्हीए: हलका, पहिल्या दिवसापासून मऊ, पण लवकर बसणारा

ईव्हीए म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून धावण्याच्या बुटांत हा फोम वापरला जाऊ लागला. आज स्वस्त स्पोर्ट्स शूजपासून महागड्या बुटांपर्यंत सगळीकडे तो आढळतो. त्याचं मुख्य कारण वजन. मिडसोलमधल्या ईव्हीएची घनता साधारणपणे पाण्याच्या सहाव्या ते पाचव्या भागाइतकी असते.

आठ नंबरच्या बुटातील मिडसोलचं आकारमान अंदाजे ४०० घन सेंटिमीटर धरलं, तर ईव्हीएचा मिडसोल ६५ ते ८० ग्रॅम भरेल. तोच पीयूचा केला तर १४० ते १८० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक पायामागे साधारण १०० ग्रॅमचा फरक. दिवसभर चालणाऱ्याला तो जाणवतो.

ईव्हीए मऊ वाटतो आणि दुकानात पाय घालताक्षणी आवडतो. त्याचा कमकुवतपणा नंतर लक्षात येतो. त्याच्या कप्प्यांच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे जड आणि सततच्या दाबाखाली तो तुलनेने लवकर बसतो. उष्णतेत तो आणखी मऊ होतो आणि मऊ अवस्थेत दाब आला की अधिक बसतो. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या डांबरावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

धावण्याच्या बुटांवर झालेले दोन अभ्यास यासंदर्भात नेहमी सांगितले जातात. १९८५मध्ये अमेरिकेत कुक आणि सहकाऱ्यांनी यंत्राने बुटांवर धावण्यासारखा भार दिला. सुमारे ८०० किलोमीटर इतक्या वापरानंतर बुटांची दणका शोषण्याची क्षमता मूळच्या ६० टक्क्यांच्याही खाली आली. स्वयंसेवकांनी प्रत्यक्ष धावून वापरलेल्या बुटांत मात्र तेवढ्याच अंतरानंतर सुमारे ७० टक्के क्षमता शिल्लक होती. २००४मध्ये वर्देहो आणि मिल्स यांनी ईव्हीए मिडसोल तपासला. ५०० किलोमीटर धावल्यानंतर टाचेखालचा सर्वोच्च दाब सरासरीने दुप्पट झाला होता. दुसऱ्या अभ्यासातील बुटांची संख्या कमी होती, त्यामुळे हा आकडा प्रत्येक बुटाला जसाच्या तसा लागू करू नये. पण आउटसोल शाबूत असतानाही आतला फोम थकतो, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

सगळे ईव्हीए सारखे नसतात. घनता जास्त असलेला ईव्हीए थोडा कडक आणि जड असतो, पण जास्त टिकतो. अगदी हलका आणि स्पंजासारखा दाबला जाणारा ईव्हीए सर्वांत आधी बसतो.

पीयू: जड, थोडा कडक, पण आकार धरून ठेवणारा

पॉलियुरेथेन दोन द्रव रसायनं एकत्र करून साच्यात फुगवतात. मिडसोलसाठी वापरला जाणारा पीयू ईव्हीएच्या साधारण दुप्पट ते अडीचपट घन असतो. त्याच्या भिंती जाड असल्याने तो पहिल्या दिवशी ईव्हीएइतका मऊ वाटत नाही. पाय घातल्यावर ‘गादी’ नाही, ‘घट्ट आधार’ जाणवतो. पण महिनोन्महिने वापरल्यावरही त्याची उंची फारशी कमी होत नाही. म्हणूनच कारखान्यांतील सेफ्टी शूज, पोलिसांचे आणि सुरक्षारक्षकांचे बूट यांत पीयू मोठ्या प्रमाणावर दिसतो.

सेफ्टी शूजच्या खोक्यावर ‘डबल डेन्सिटी पीयू’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच की पायाजवळचा थर हलक्या, मऊ पीयूचा असतो आणि जमिनीजवळचा थर जास्त घन, कडक पीयूचा असतो. ‘सिंगल डेन्सिटी’मध्ये पूर्ण तळ एकाच घनतेचा असतो, त्यामुळे तो अधिक कडक वाटतो. दिवसभर उभं राहायचं असेल तर या दोनपैकी डबल डेन्सिटी बरा.

पीयूचं दुखणं वेगळं आहे. बुटांत वापरल्या जाणाऱ्या पीयूचा मोठा हिस्सा पॉलिएस्टर प्रकारचा असतो. हवेतील ओलावा या प्रकारातील रासायनिक बंध हळूहळू तोडतो. या प्रक्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात. ऊब आणि दमटपणा जितका जास्त, तितका तिचा वेग जास्त. म्हणजे खाडीकाठच्या नवी मुंबईचं हवामान पीयूला फारसं मानवणारं नाही. गंमत अशी की रोज वापरला जाणारा बूट अनेकदा ठीक राहतो आणि पेटीत किंवा माळ्यावर बंद ठेवलेला बूट दोन-चार वर्षांत ठिसूळ होतो. बाहेरून नवा दिसणारा बूट घालून चार पावलं चाललं की तळाचे तुकडे पडू लागतात. अनेकांना वाटतं की गोंद सुटला, पण गोंद लावून काही होत नाही. मुळात फोमच विरघळलेला असतो, गोंदाला धरायला घट्ट पृष्ठभाग उरलेला नसतो. काही पीयू पॉलिइथर प्रकारचे असतात. ते ओलाव्याला जास्त दाद देत नाहीत, पण बुटाच्या लेबलवर हा फरक सहसा लिहिलेला नसतो.

थोडक्यात सांगायचं तर ईव्हीए वापराने बसतो आणि पीयू वयाने व ओलाव्याने तुटतो. या एका वाक्यावरून कोणता बूट घ्यायचा आणि तो कसा तपासायचा, हे बरंचसं ठरवता येतं.

एक उदाहरण: कांदा-बटाटा बाजारातील हमाल

ओळख पटू नये म्हणून यातील तपशील बदलले आहेत, पण अशी प्रकरणं नेहमीची आहेत. ४४ वर्षांचे एक माथाडी कामगार, वजन ६२ किलो. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात गाडी खाली करण्याचं काम. तक्रार उजव्या टाचेची, तीन महिन्यांपासून. पायात पाच महिन्यांपूर्वी घेतलेले हलके स्पोर्ट्स शूज, पूर्ण तळ ईव्हीएचा. आउटसोलची नक्षी जवळपास शाबूत.

आता भाराचा हिशेब करून पाहू. चालताना पाय टेकतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनापेक्षा थोडा जास्त, साधारण सव्वापटीपर्यंत भार येतो. ६२ किलोच्या माणसाच्या पाठीवर ५० किलोचं पोतं आलं की एकूण ११२ किलो होतात. म्हणजे दर पावलाला १२५ ते १४० किलोइतका भार. हाच माणूस पोत्याशिवाय धावला असता तर एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे १२५ ते १५५ किलो भार आला असता. याचा अर्थ पोतं घेऊन चालणारा हमाल आपल्या बुटातील फोमवर जवळजवळ धावपटूइतकाच भार टाकतो. शिवाय चालताना पाय जमिनीवर जास्त वेळ टेकलेला असतो, त्यामुळे फोम अधिक वेळ दाबलेला राहतो.

दहा टनांची गाडी म्हणजे ५० किलोची २०० पोती. पाच जणांत प्रत्येकी ४०. प्रत्येक पोत्यामागे भार घेऊन २५ पावलं धरली तर १,००० पावलं, म्हणजे एका पायाला ५००. दिवसाला अशा दोन गाड्या झाल्या तर एका पायावर १,००० भारी दाब. महिन्याला २६ दिवस धरले तर पाच महिन्यांत १ लाख ३० हजार. सावकाश धावताना एकच पाय दर दोन मीटरला एकदा टेकतो असं मानलं, तर हे सुमारे २६० किलोमीटर धावण्याइतकं झालं. रिकाम्या हाताने चालणं आणि उभं राहणं यात धरलेलंच नाही. हा ढोबळ अंदाज आहे, पण पाच महिन्यांत बूट का थकला हे समजायला पुरेसा आहे.

सुकतळा काढून पाहिल्यावर उजव्या बुटात टाचेखाली खळगा होता. पट्टीने बाजूने मोजलं तेव्हा टाचेजवळ मिडसोलची उंची बाहेरच्या बाजूला २७ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला २१ मिलिमीटर भरली. म्हणजे फोम आतल्या बाजूला ६ मिलिमीटर जास्त बसला होता आणि बूट आत कलला होता. अंगठ्याने दाबल्यावर टाचेखालचा भाग चवड्याखालच्या भागापेक्षा स्पष्टपणे कडक लागला. फोममध्ये दाबायला काही शिल्लकच नव्हतं.

त्यांना तात्पुरता दुसरा जोड वापरायला सांगितलं. पुढच्या भेटीत ते वेगळीच गोष्ट घेऊन आले. आधी एका कारखान्यात काम करताना मिळालेले सेफ्टी शूज त्यांनी तीन वर्षं पिशवीत बांधून ठेवले होते. ते घातले आणि दुसऱ्याच दिवशी पोतं पाठीवर असताना एका बुटाचा तळ टाचेकडून सुटला. सुदैवाने ते पडले नाहीत. तो तळ हातात घेतल्यावर बोटांनी कुस्करता येत होता. हा पीयूचा हायड्रोलिसिस होता.

शेवटी त्यांनी अलीकडेच तयार झालेले, पीयू मिडसोल आणि रबरी आउटसोलचे बूट घेतले. पोटरीचे आणि तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम सुरू केले. दहा आठवड्यांत सकाळचं दुखणं बरंच कमी झालं. याचं सगळं श्रेय बुटाला देता येणार नाही. व्यायाम केला, मधले काही दिवस हलकं काम केलं आणि अशी टाचदुखी बहुतांश लोकांत काही महिन्यांत कमीही होत जाते. पण कललेला, बसलेला बूट रोज घालत राहिले असते तर टाचेला सावरायला वाव कमी मिळाला असता.

सर्वांत मऊ बूट सर्वांत चांगला नसतो

दुकानात बरेच जण अंगठ्याने दाबून सर्वांत मऊ बूट निवडतात. भार उचलणाऱ्यांसाठी आणि वजन जास्त असलेल्यांसाठी ही निवड अनेकदा चुकते. फारच मऊ फोम जड भाराखाली पूर्ण दाबला जातो. त्यापुढे तो दणका शोषू शकत नाही आणि टाच जणू थेट जमिनीवर आदळते. शिवाय पाय आत-बाहेर डुलतो. भार घेऊन चालताना असं डुलणं घोट्यासाठी धोक्याचं असतं.

‘मेमरी फोम’बद्दलही हेच. तोसुद्धा एक प्रकारचा पीयूच असतो, पण सावकाश दाबला जाणारा आणि सावकाश फुलणारा. दुकानात उभं राहिल्यावर तो पायाचा आकार घेतो आणि छान वाटतं. चालताना मात्र दोन पावलांमध्ये त्याला पुन्हा फुलायला वेळच मिळत नाही. पाच मिलिमीटरच्या मेमरी फोमचा सुकतळा म्हणजे चांगला मिडसोल नव्हे.

तसंच बसलेल्या मिडसोलवर नवा सुकतळा टाकून तो पूर्ववत होत नाही. सुकतळा झिजला असेल तर जरूर बदला, पण खळग्यावर ठेवलेला नवा सुकतळाही त्या खळग्याचाच आकार घेतो.

तुलना एका नजरेत

| | ईव्हीए | पीयू |
|---|---|---|
| पहिल्या दिवशी | मऊ, गादीसारखा | घट्ट, आधार देणारा |
| वजन | हलका | दुप्पट ते अडीचपट घन |
| बसण्याचा वेग | लवकर, विशेषतः भाराखाली व उष्णतेत | सावकाश |
| मुख्य शत्रू | सततचा दाब, उष्णता | दमटपणा, वय, बंद ठेवणं |
| निकामी झाल्याची खूण | खळगा, सुरकुत्या, बूट कलणं | भेगा, चिकटपणा, भुगा पडणं |

महागड्या धावण्याच्या बुटांत आणखी दोन फोम दिसतात. टीपीयूचा फोम लहान फुगवलेले दाणे एकत्र चिकटवून बनवतात. जवळून पाहिला तर तो चुरमुऱ्याच्या वडीसारखा दिसतो. २०१३पासून तो बाजारात आहे. तो ईव्हीएपेक्षा जड असतो, पण उसळी चांगली देतो, सावकाश बसतो आणि तापमानाचा त्याच्यावर कमी परिणाम होतो. दुसरा पेबा. २०१७पासून स्पर्धेच्या बुटांत तो गाजला. तो अतिशय हलका आणि उसळीदार, पण महाग असतो. ज्यांचा दिवस उभं राहण्यात किंवा भार उचलण्यात जातो, त्यांना पेबाची गरज नाही. तो धावण्यासाठी बनवलेला फोम आहे.

कोणी कोणता निवडावा?

काँक्रीटवर भार घेऊन चालत असाल किंवा आठ-दहा तास उभे राहत असाल, तर पीयू मिडसोल किंवा जास्त घनतेचा ईव्हीए घ्या. बाजारात ओल्या सालींवर पाय घसरतो, म्हणून खालचा थर रबराचा असेल तर उत्तम. कारखान्यात सेफ्टी शूज सक्तीचे असतील तर त्यावर आयएस १५२९८ हे भारतीय मानक आणि आयएसआय चिन्ह आहे का ते पाहा.

रोज लोकलने जाणं-येणं, ऑफिस आणि संध्याकाळी फिरणं एवढाच वापर असेल, तर मध्यम घनतेचा ईव्हीए पुरेसा आहे. हलका असल्याने तो सोयीचा ठरतो.

मधुमेहामुळे किंवा कुष्ठरोगामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर दुकानातला मऊपणा बोटाने तपासून बूट घेऊ नका. अशा पायांसाठी आपल्याकडे एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला वापरल्या जातात. तमिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर केलेल्या कामातून या विचाराला चालना मिळाली. त्यात टाचेखालचा दाब पसरवण्यासाठी ठरावीक मऊपणाचं रबर आणि खाली कडक तळ असतो. अशी चप्पल डॉक्टरांच्या किंवा पाय तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्या.

दुकानात ओळखायचं कसं?

लेबलवर फोमचं नाव नसेल तर बूट हातात घ्या. आकाराच्या मानाने अगदी हलका असेल तर तो बहुधा ईव्हीए. तळ वजनदार असेल, बाजूला गुळगुळीत साल असल्यासारखा पृष्ठभाग असेल आणि वरचं चामडं थेट तळात ओतल्यासारखं जोडलेलं असेल, तर तो बहुधा पीयू. ही खात्रीशीर चाचणी नाही, पण बऱ्याचदा उपयोगी पडते.

खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. काही पीयू बुटांच्या तळावरही महिना-वर्ष दाखवणारी गोल तबकडी असते. मोठ्या सवलतीत विकला जाणारा पीयू बूट दोन-तीन वर्षं गोदामात पडून असू शकतो. खाण्याच्या पाकिटावरची तारीख पाहतो, तशीच ती पाहून घ्या.

घरी करायची पाच मिनिटांची तपासणी

महिन्यातून एकदा हे करून पाहा:

१. सुकतळा काढा आणि टाचेखाली हात फिरवा. खळगा लागतो का?

२. दोन्ही बूट सपाट टेबलावर ठेवून मागून पाहा. एखादा बूट आत किंवा बाहेर कललेला दिसतो का?

३. मिडसोलच्या बाजूला पाहा. टाचेजवळ आडव्या सुरकुत्या आहेत आणि बूट पायात नसतानाही त्या तशाच राहतात का?

४. पट्टीने टाचेची आतली आणि बाहेरची उंची मोजा. नवा बूट आणल्या दिवशीच ही मापं लिहून ठेवलीत तर पुढे तुलना सोपी जाते.

५. पीयू बूट असेल तर तो चवड्याजवळ वाकवा आणि तळाला नखाने दाबा. बारीक भेगा, चिकटपणा किंवा पडणारा भुगा दिसला तर तो बूट कामावर घालू नका.

दोन्ही बुटांच्या उंचीत स्पष्ट फरक असेल किंवा बूट कलला असेल, तर आउटसोल चांगला असला तरी बूट बदला. किती महिन्यांनी बदलायचा याचा एकच आकडा सर्वांना लागू होत नाही. वजन, भार आणि रोजचे तास यांवर तो ठरतो. वर दिलेल्या उदाहरणातील बूट पाच महिन्यांत संपला. तोच बूट ऑफिसला जाणाऱ्या माणसाला वर्षभर पुरला असता.

पावसाळ्यात काय करावं?

बूट भिजला की सुकतळा बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली वाळवा. पत्र्यावर कडक उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नका. उष्णतेने ईव्हीए आकसतो व मऊ होतो आणि जोड सुटू शकतात. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. फोमचा तात्पुरता चेपलेपणा विश्रांतीत थोडाफार भरून येतो आणि ओला बूट पूर्ण वाळायला एक दिवस मिळतो.

पीयूचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतला ओलावा आतच कोंडतो. हवा खेळेल अशा जागी ठेवा आणि वरचेवर घाला. ‘खास प्रसंगासाठी’ राखून ठेवलेला पीयू बूट बहुतेकदा त्या प्रसंगीच तुटतो.

डॉक्टरांकडे कधी जावं?

अमुक एक फोम वापरल्याने टाचदुखी बरी होते किंवा होतच नाही, असं म्हणता येत नाही. टाचदुखीमागे वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, दिवसभर उभं राहणं अशी अनेक कारणं एकत्र असतात. बूट बदलून आणि पोटरी व तळव्याला ताण देणारे व्यायाम करूनही सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर तपासून घ्या.

पुढीलपैकी काही असेल तर वाट पाहू नका: उंचावरून पडल्यानंतर किंवा अचानक सुरू झालेलं तीव्र टाचदुखणं, सूज किंवा लाली, ताप, रात्री झोपेतही होणारं दुखणं, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा. मधुमेह असेल आणि पायावर फोड, भेग किंवा जखम दिसली, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.

दवाखान्यात येताना रोजचे बूट घालून या किंवा पिशवीत आणा. बुटाचा आतला तळ पाहिला की पायावर भार कुठे येतो, हे डॉक्टरांना बरंच कळतं.